मदत हवी आहे: सासूबाईंचं जुनं सोनं, खडे आणि डाकासकट, किती ग्रॅमला सोडावं?

राजारामपुरीकरीण
गुजरीत जुनं सोनं मोडीत घालायला नेलं होतं. एकूण 92 ग्रॅम भरलं. सराफ म्हणतो, 50 ग्रॅमचे पैसे देतो. जवळजवळ निम्मं सोनं गेलं कुठं? रविवारी आम्ही जावा-जावा वाटणीला बसणार आहोत, त्याआधी रास्त आकडा हवाय. 'आजचा भाव बघा' असं कुणी सांगू नका, भाव मला माहीत आहे.

तांबडा_पांढरा
ताई, लुटलं तुम्हाला. दुसऱ्या दुकानात जावा. 92 च्या मागं 80 तरी मिळायलाच पाहिजेत.

गलाईवाला_विटा
80 कशाच्या जोरावर म्हणता दादा? डागिने कोणते आहेत तेच अजून कळलेलं नाही. ताई, सांगा: 92 हे खडे, मोती, दोरा धरून का? कुठला डागिना किती? 50 ग्रॅम म्हणजे 22 कॅरेटचे की चोखाचे? आणि त्यांनी कागदावर काही लिहून दिलंय का?

राजारामपुरीकरीण
खडे धरूनच हो, खडे काढून कोण वजन करतं? साज 31, ठुशी 24, तुटक्या बांगड्या 24, खड्यांच्या कुड्या 7, नथ 6. भाव 22 चा लावलाय. चिठ्ठीवर 'लाख-खडे 30, डाक 10 टक्के, टंच 82' एवढंच आहे.

शिवाजीपेठ_जुनी_तालीम
साज मोडू नका! जुना साज नुसता सोन्याच्या भावानं देणं म्हणजे पाप. हौशी गिऱ्हाईक त्याच्या घडणीचे पैसे वेगळे देतं. माझ्या मावशीनं तिचा तसाच विकला.

गलाईवाला_विटा
सगळी पानं जागेवर असली आणि समोर गिऱ्हाईक उभं असलं, तर तुमचं खरं. मोडीत मात्र घडणीला शून्य.

ताई, 30 वजावट ऐकून दचकू नका, ती बसते. साजाच्या पानांत आणि मण्यांत लाख भरलेली असते. ती लाख, दोरा आणि मधला खडा गेला की 31 चे 14-15 राहतात. ठुशीचे मणी पोकळ, त्यात सरी आणि पदकाचा खडा. नथीत तर मोत्यांचंच वजन, सोन्याची तार दोनेक ग्रॅम. बांगड्यांत काहीच वजा होत नाही. म्हणजे 62 ग्रॅम सोनं धरणं रास्त आहे. फक्त लाख तुमच्यासमोर तापवून काढायला सांगा, काढायच्या आधी आणि नंतर काटा बघा, आणि खडे-मोती सगळे परत मागून घ्या. लाल खडे बहुतेक साधेच असतील, पण ते तुमचे आहेत.

खरी गोम पुढं आहे. डाक म्हणजे सांधे जोडायची मिश्र धातू. 62 मधून डाकाचे 10 टक्के म्हणजे 6.2 काढले, उरले 55.8. त्याला 82 टंच, म्हणजे शंभरात 82 भाग चोख सोनं, असा लावला आणि 22 कॅरेटमध्ये आणायला 91.6 नं भागलं, की बरोबर 50 येतात. हिशोब तुमच्या सराफाचाच आहे. पण टंच 82 निघाला तोच मुळी डाकामुळं. डाक एकदा वजनात कापला आणि पुन्हा टंचात कापला. दोनातलं एकच काहीतरी. नुसते ते 10 टक्के काढून टाका: 62 गुणिले 82 भागिले 91.6, झाले साडेपंचावन्न. साडेपाच ग्रॅम तिथंच सापडले.

तांबडा_पांढरा
म्हटलं नव्हतं, लुटलं म्हणून!

उद्यमनगर_चव्हाण
एवढा खटाटोप कशाला? मशीनखाली ठेवा, अर्ध्या मिनिटात टंच येतो. मशीन खोटं बोलत नाही. माझ्या चेनला 91.6 आलं होतं, तेवढेच पैसे घेतले.

गलाईवाला_विटा
तुमची चेन नवी, एकजिनसी. मशीन फक्त वरची कातडी वाचतं. जुना डागिना वर्षानुवर्षं तेजाबात उजळलेला असतो. त्यात वरचं तांबं निघून जातं आणि कातडी आतल्यापेक्षा चोख दिसते. म्हणजे मोकळ्या जागी आकडा जास्त येतो आणि सांध्यावर कमी. ताई, मशीनची पावती आहे का? किती ठिकाणी वाचलंय?

राजारामपुरीकरीण
आहे. बांगडीवर तीन ठिकाणी घेतलेत: 90.8, 83.1, 72.1. त्याची सरासरी 82. आधी का विचारलं नाहीत?

गलाईवाला_विटा
आधी तुम्ही मशीनची पावतीच सांगितली नव्हती!

72.1 म्हणजे नेमका सांध्यावरचा आकडा. सांधा असतो केवढा, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि सरासरीत त्याला तिसरा हिस्सा दिलाय. डाकातही सोनं असतंच. जुने कारागीर त्याच सोन्यात चांदी-तांबं मिसळून डाक करायचे. तो शून्य धरण्याचं काही कारण नाही. माझ्या अंदाजानं सगळं गाळलं तर लगड 85 च्या आसपास बसेल, म्हणजे 22 चे 57 च्या पुढं. पण हा अंदाज झाला. 90.8 वरच्या कातडीचा आहे, तो धरून बसू नका.

एकाच गोष्टीची धास्ती. कुणी कथील-शिशाची झाळ मारून बांगडी जोडली असेल तर सोनं ठिसूळ होतं आणि टंचही पडतो. सांधा करडा, मऊ दिसला, नखानं खरवडला जात असेल तर तो तुकडा कापून वेगळा ठेवा, सगळ्या मालात टाकू नका.

पंचगंगा_घाट
गाळताना गलाईवालेच मारतात की! मुशीत निम्मं राहतं.

गलाईवाला_विटा
निम्मं? भावा, हयात भट्टीपाशी गेली, निम्मं कधी राहिलेलं बघितलं नाही. पण नजर ठेवा, चूक नाही त्यात. टाकणखाराच्या काचेत बारीक मणी अडकतात. मूस थंड झाली की आत बघा, काच फोडून मणी परत घालायला सांगा. केडीएमचा डाक असेल तर कॅडमियम धूर होऊन जातं, तेवढी घट खरी असते. पण तेवढाच टंचही वाढतो, म्हणून ती घट तुमच्या खिशातून जात नाही.

हुपरीचा_पाहुणा
चांदीच्या जुन्या पैंजणांचं पण असंच असतं का? आमच्याकडं घुंगरांचा डाक लई असतो.

उद्यमनगर_चव्हाण
आणि पैसे बँकेतच घ्या ताई. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही.

राजारामपुरीकरीण
ते कुणी विचारलं होतं? असो. आत्ताच सराफाकडं जाऊन आले. 10 टक्के काढायला तयार झाला, '82 वर मात्र हटणार नाही' म्हणतो. म्हणजे साडेपंचावन्न. तेवढ्यावर द्यावं की गाळून घ्यावं?

गलाईवाला_विटा
पहिल्यांदा फक्त बांगड्या गाळा. त्यात लाख नाही, खडे नाहीत, आणि जुडणीचे सांधे मोजून सांगता येतात. त्या लगडीचा टंच 82 च्या वर निघाला की उरलेल्यासाठी तोच कागद सराफापुढं ठेवा. खाली आला तर त्याचा आकडा मान्य करा. लगड धुवून, मशीनवर दोन्ही बाजूंनी वाचून घ्या.

शिवाजीपेठ_जुनी_तालीम
साज तरी वगळा हो!

राजारामपुरीकरीण
साजावर थोरल्या जाऊबाई हटून बसल्यात, त्या म्हणतात वाटणीतच धरा, पण मोडू नका. मग तो कितीला धरायचा? सराफाच्या हिशोबानं की गिऱ्हाइकाच्या?

गलाईवाला_विटा
पानं सगळी आहेत का साजात?

राजारामपुरीकरीण
दोन पानं गेलीत. ते राहिलंच सांगायचं.