फोन, समोरचा माणूस आणि साहेबांचं पत्र

"बेळगावच्या उद्यमबागेत फ्रंट डेस्कची मुलाखत आहे. फोन वाजतोय, समोर माणूस उभा आहे, साहेबांना पत्र हवंय, आधी काय कराल, असं विचारलं तर?"

ताई, "सगळं सांभाळेन" हे उत्तर अजिबात देऊ नका. मुलाखत घेणाऱ्यांना क्रम हवा असतो, आणि तोंडातून नेमकं काय निघेल तेही. समोरच्याकडे बघून "बसा, लगेच बघते" म्हणायचं आणि दोन-तीन रिंगमध्ये फोन उचलायचा. आधी कंपनीचं नाव, मग तुमचं. पलीकडून कन्नड आली तर "ओंदु निमिष री", म्हणजे एक मिनिट हं, असं म्हणा, पण होल्डवर टाकण्याआधी होकार घ्या. काम लांबणार असेल तर निरोप लिहून घ्या: नाव, काम, वेळ आणि नंबर. नंबर परत वाचून दाखवाच, चूक तिथेच सापडते. मग पाहुण्याची रजिस्टरला नोंद करून आत कळवा.

पत्राचा निर्णय घाईनं करू नका. "किती वाजेपर्यंत हवंय?" हे साहेबांना विचारायचं. पाचच्या कुरिअरनं जायचं असेल आणि साडेचार झाले असतील तर पाहुण्याला बसवून पत्र आधी. उद्या चालणार असेल तर ते मागे. मुलाखतीत हा प्रश्न तुम्ही स्वतःहून मांडलात की समोरच्यांना फरक लगेच जाणवतो.

टायपिंगला वेगापेक्षा चुका सांभाळा. पाच कळांचा एक शब्द धरला तर पाच मिनिटांत 1000 कळा म्हणजे मिनिटाला 40 शब्द, पण दहा चुका राहिल्या तर नेहमीच्या हिशेबात मिनिटामागे दोन वजा होऊन 38 उरतात.