सोमवारचा नफा खर्चात जातो का?

"बिटकॉइन रविवारी रात्री घेऊन सोमवारी रात्री विकलं, तर पाच वर्षांच्या डेटात दर खेपेला सरासरी ०.४ टक्के सुटतात. सातही वार तपासले, सोमवारच भारी. विट्यात बसून हे जमेल का?"

दादा, आधी तुमचा सोमवार कुठला ते बघा. बऱ्याच एक्स्चेंजची दिवसाची कँडल यूटीसीनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बंद होते. रविवारी रात्रीची खरेदी त्या डेटात रविवारातच मोडते.

पाच वर्षांत सोमवार २६०. रोजचं प्रमाण विचलन ३.५ टक्के धरलं, तर सरासरीची प्रमाण त्रुटी ३.५ भागिले √२६०, म्हणजे ०.२२. टी, म्हणजे सरासरी भागिले तिची प्रमाण त्रुटी, येतो १.८. सात वारांत एखादा वार योगायोगानेच इतका वर किंवा खाली दिसण्याची शक्यता जवळपास ४० टक्के आहे. महिन्यांचं तर विचारूच नका, पाच वर्षांत ऑक्टोबर पाचच.

आता खर्च. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात हमाली-तोलाई वजा केल्याशिवाय कोणी भाव मोजत नाही, तसंच इथे. फी दोन्ही वेळा ०.२ टक्के धरली, तर ०.४ तिथेच संपले, स्प्रेड, म्हणजे खरेदी-विक्रीच्या भावातला फरक, वेगळाच. शिवाय भारतात प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. तो कराच्या हिशेबात वळता होतो, पण वर्षाच्या ५२ विक्रींत सुमारे ४१ टक्के भांडवल तोवर अडकतं. नफ्यावर ३० टक्के कर, आणि तोट्याच्या सोमवारांची वजावट नाही.

तरी तपासायचंच असेल तर पहिल्या तीन वर्षांवर वार ठरवा, उरलेल्या दोनवर खर्चासकट चालवा. मध्ये नियम बदलायचा नाही.