दिवाळी बॉक्स : ऑर्डर कोजागरीपर्यंत

"ताई, बॉक्स केवढ्याला? कधीपर्यंत सांगायचं? नाशिकला पाठवाल का?"

अर्धा किलोचा बॉक्स ६५० रुपये. त्यात साजूक तुपातली नानकटाई आणि ओव्हनमधल्या करंज्या. ऑर्डर कोजागरीपर्यंत, निम्मे पैसे आगाऊ. घरचा ओव्हन लहान, त्यामुळे नंतर 'दोनच बॉक्स' म्हणालात तरी जमणार नाही.

कोथरूड-कर्वेनगरला वसुबारसेला संध्याकाळी घरपोच, ४० रुपये जास्त. बाकीच्यांनी घरून न्या.

नाशिकला नानकटाई नाही पाठवणार. ती इतकी खुसखुशीत असते की कुरिअरात भुगाच होतो. करंज्या पाठवीन. सारण सुक्या खोबऱ्याचं, म्हणून टिकतात. पूर्ण गार झाल्यावरच भरते, नाहीतर वाफ धरून पारी मऊ पडते. कुरिअरचा खर्च तुमचा.