मदत हवी आहे: दादाची प्रोटीन पावडर आणि किडनी

दादा ५२ वर्षांचा, वजन ८० किलो, जुना मधुमेह. जिम लावल्यापासून पावडर धरून रोज दीडशे ग्रॅम प्रोटीन घेतोय. परवाच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.५, ईजीएफआर ५६ आलं. तो म्हणतो, "स्नायू वाढले की क्रिएटिनिन वाढतंच." ते खरंही आहे. पण लघवीतलं अल्ब्युमिनही ९० आलंय (३० च्या आत हवं), त्याचं काय? ते स्नायूंमुळे वाढत नाही. जोरदार व्यायामानंतर तात्पुरतं वाढतं म्हणे, पण मधुमेह असल्याने मला काळजी वाटतेय.

किडनी कमजोर असेल तर किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे त्याला ६४ ग्रॅमच पुरे ना? दोन दिवस व्यायाम थांबवून अल्ब्युमिन पुन्हा तपासावं का? सोबत सिस्टॅटिन सी केलेली बरी का? नेफ्रॉलॉजिस्टची वेळ मिळेपर्यंत पावडर बंदच ठेवायला सांगू ना? जाणकारांनी कृपया सांगा.