शब्दचर्चा : रुबाईतील तिसरी ओळ

आरंभयात्री : रुबाई या चार ओळींच्या फारसी काव्यप्रकारात यमक पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत जुळते व तिसरी मोकळी राहते, एवढे सगळीकडे वाचायला मिळते. तिसरीला मोकळे ठेवून नेमके साधते काय, आणि त्या ओळीला काही स्वतंत्र नाव आहे का?

मुक्तछंदी : तिसरी ओळ म्हणजे विरोधाची ओळ. पहिल्या दोन ओळींत जे म्हटले त्याला तिसरीत ‘पण’ लावायचा आणि चौथीत निकाल द्यायचा. चार ओळींच्या कोणत्याही मुक्तकात हे केले की रुबाई झाली.

जुनापाठ : नाव आहे. फारसी छंदशास्त्रात यमक नसलेल्या या ओळीला ‘खसी’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचा ‘खच्ची’. नाव हिणवणारे आहे, आणि मला ते अन्यायाचेच वाटते, कारण रुबाईतले सर्वांत अवघड काम हीच ओळ करते. मुक्तछंदींचे म्हणणे अर्धे खरे आहे. ‘पण’ येतो, मात्र तो अनिवार्य नाही. उमर खय्यामच्या नावावर असलेली ही प्रसिद्ध रुबाई पाहा :

ईन कूज़े चु मन आशिक़-ए-ज़ारी बूदस्त
दर बंद-ए-सर-ए-ज़ुल्फ़-ए-निगारी बूदस्त
ईन दस्ते कि बर गर्दन-ए-ऊ मी-बीनी
दस्तीस्त कि बर गर्दन-ए-यारी बूदस्त

ही सुरई माझ्यासारखीच कुणी व्याकूळ प्रेमिक होती, कुण्या सुंदरीच्या केसांत गुंतलेली होती. तिच्या गळ्याशी हा जो कान तुला दिसतो आहे, तो एके काळी प्रियेच्या गळ्यात पडलेला हात आहे. इथे विरोध कुठेच नाही. पहिल्या दोन ओळी भूतकाळात आहेत आणि दोन्ही ‘बूदस्त’वर थांबतात, तिसरी एकदम वर्तमानात येते, समोरच्याला ‘बघ’ म्हणते आणि वाक्य अर्धेच सोडते, कारण ‘हा जो कान तू पाहतोस’ याला क्रियापद हवे असते आणि ते चौथीवाचून मिळत नाही. यमकही तिथेच अडलेले असल्याने ऐकणाऱ्याचा कान आणि व्याकरण दोघेही एकाच वेळी ताटकळतात. मग ‘दस्ते’चा ‘दस्त’, म्हणजे सुरईच्या कानाचा हात, होतो, ‘बर गर्दन-ए’ हे शब्द जसेच्या तसे परत येतात आणि ‘बूदस्त’ परतते.

आरंभयात्री : पण ‘बीनी’ही ईकारान्तच आहे. मग ते ‘ज़ारी’, ‘निगारी’शी जुळत नाही का?

जुनापाठ : नाही. यमक ‘आरी’चे आहे आणि त्यामागे ‘बूदस्त’ ही अक्षरे कायम आहेत. नुसत्या ईकाराने कानाला यमक लागत नाही.

विहीरकाठ : मी मराठीत एक लिहिली आहे, पण ती शेवटी पडते असे मित्र सांगतात. कदाचित चौथ्या ओळीतला शब्द बदलायला हवा.

गावात जुनी विहीर आहे अजुनी
काठावर तो फकीर आहे अजुनी
दोरास कळे न आटलेले पाणी
त्याच्या हृदयात धीर आहे अजुनी

जुनापाठ : दोष चौथीत नसून तिसरीत आहे. आटलेले पाणी आणि बापडा दोर, दोन्ही तुम्ही तिथेच उघड केलेत. चौथीला समजावून सांगण्यापलीकडे काम उरले नाही. तिसरी ओळ वाचून थांबा आणि चौथीत काय येणार याचा अंदाज करा. तो अर्थापुरता बरोबर ठरला तर तिसरीत जास्तीचे सांडले आहे, असे समजावे. दोर मागे ठेवा :

केव्हाच तिचे सुकून गेले पाणी
दोरास उगीच धीर आहे अजुनी

आता तिसरी पाण्यापाशी थांबते, आणि ज्याचा उल्लेखही झाला नव्हता तो दोर चौथीत प्रवेश करतो. वृत्त तुम्ही चोख सांभाळले आहे. रुबाईच्या हजज वृत्ताची चोवीस वजने, म्हणजे लघु-गुरूंच्या मांडण्या, मानतात आणि एकाच रुबाईत ती मिसळता येतात, म्हणून तुमच्या तिसऱ्या ओळीचा शेवट लघु-गुरूंनी वेगळा असूनही चालतो.

विहीरकाठ : ‘उगीच’ मला खटकते. त्यात कवी मध्ये बोलतो. दोराची भाबडी समजूत माझ्या ओळीत होती, ती गेली.

जुनापाठ : तो आक्षेप रास्त आहे. ‘तसाच’सारखा शब्द तिथे बसेल का, ते तुम्हीच करून पाहा, अर्थ मात्र बदलेल.

मुक्तछंदी : वृत्ताचा एवढा आग्रह असेल, तर उर्दू कवी इक्बालच्या ‘बाल-ए-जिब्रील’ या संग्रहातल्या चौओळींचे काय? त्या हजजच्याच दुसऱ्या, आखूड वजनात आहेत, तरी लोक त्यांना रुबायाच म्हणतात.

जुनापाठ : म्हणतात खरे. ते वजन फारसी कवी बाबा ताहिरच्या दुबैतीचे, म्हणजे चौओळींच्या वेगळ्या प्रकाराचे, आहे, म्हणून काटेकोर छंदज्ञ त्यांना रुबाई म्हणत नाहीत. शिवाय चारही ओळींत यमक असलेल्या रुबायाही जुन्या फारसीत मिळतात. तिथे खसी ओळच नसते, तरी त्या रुबायाच ठरतात, कारण वजन रुबाईचे आहे. म्हणजे व्याख्या वजनाने होते, यमकाने नव्हे.

मुक्तछंदी : मग मराठीत, जिथे ते वजन ऐकून ओळखणारे थोडे आहेत, तिथे वाचक रुबाई ओळखतो तो यमकावरून आणि तिसऱ्या ओळीवरूनच. मी तरी त्या चौओळींना रुबाई म्हणणे सोडणार नाही.