मदत हवी आहे: मक्सवर शेजारच्या सेन्सरचं रीडिंग मिसळतंय

कांदाचाळीत १२ ठिकाणी तापमान मोजायचंय. उनोला अ‍ॅनालॉग पिना सहाच, म्हणून `74HC4067` लावला. थर्मिस्टर १०० किलोओहमचे, जोडीला तेवढाच रेझिस्टर.

५ नंबरचा थर्मिस्टर बर्फात धरला की ६ नंबरही थंड दाखवतो! दोघांची अदलाबदल केली, तरी बिघाड ६ नंबरच्या चॅनेललाच. म्हणजे सेन्सर ठीक आहेत; आधीच्या चॅनेलचा चार्ज उरत असावा. चॅनेल बदलल्यावर पहिलं रीडिंग टाकून दिलं, तेव्हा फरक ४० वरून ६ वर आला. पण पूर्ण जात नाही.

आता प्रत्येक इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावू, की १० किलोओहमचे थर्मिस्टर घेऊ? `ADS1115` चारच चॅनेलचा, तीन घ्यावे लागतील. खर्च नको वाटतो. कुणी करून पाहिलंय का?