मदत हवी आहे: फॉर्म्युला शीटमध्ये सूत्राची अट कशी लिहायची?

नांदेडला बीएस्सी करतोय. स्थितविद्युतच्या सेमिस्टरभराच्या नोट्सवरून उजळणीसाठी दोन पानी शीट काढतोय. परीक्षेत न्यायची नाही. नुसती सूत्रं उतरवली, तर प्रभारित पातळ पत्र्याचं E = σ/2ε₀ आणि वाहकाच्या पृष्ठभागालगतचं E = σ/ε₀ शेजारी आली, गणितात कुठलं घ्यायचं कळेना. सिद्धतेसकट लिहिलं, तर वहीच पुन्हा तयार व्हायला लागली! आता फक्त गाऊसचा नियम ठेवून पुढे डबीची छोटी आकृती काढतोय: पत्र्याला दोन्ही तोंडांतून फ्लक्स, वाहकाला एकाच, कारण आत क्षेत्र शून्य. पण वाहकासाठी σ फक्त त्या एका पृष्ठभागावरचा असतो, हे आकृतीत दिसत नाही. तेवढं थोडक्यात कसं दाखवता?